एकामागे एक दोन राउटर: मागच्या राउटरवरची उपकरणं पुढून गाठायची कशी

कराडला दाजींचं हार्डवेअरचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे गोदाम, मध्ये साधारण चाळीस मीटर केबल. इंटरनेटवाल्यांनी दिलेला राउटर दुकानात बसलाय. गोदामात वायफाय पोचत नव्हतं म्हणून तिथे दुसरा राउटर लावला आणि त्याच्यावर कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा एनव्हीआर, लेबल प्रिंटर आणि एक संगणक जोडला. गोदामातून इंटरनेट व्यवस्थित चालू झालं. पण दुकानातल्या बिलिंगच्या संगणकावरून ना एनव्हीआर उघडायचा, ना प्रिंटर सापडायचा. उलट बाजूने, म्हणजे गोदामातून दुकानातला संगणक मात्र बिनदिक्कत दिसायचा.

दोन राउटर एकामागे एक लावले की हे हमखास होतं. हा लेख त्या एका अडचणीचा आहे. राउटरच्या पानात शिरून पत्ता बदलता येतो, एवढं तुम्हाला जमतं असं मी धरून चालतो.

आधी एक प्रश्न स्वतःला विचारा. मागच्या बाजूला फक्त वायफाय हवंय का? तसं असेल तर दुसऱ्या राउटरचं डीएचसीपी बंद करा, त्याला पहिल्या राउटरच्या जाळ्यातला रिकामा पत्ता द्या आणि येणारी केबल त्याच्या वॅन पोर्टऐवजी लॅन पोर्टमध्ये लावा. सगळं एकाच जाळ्यात येईल आणि पुढचं काहीच करावं लागणार नाही. गोदामाचं जाळं वेगळं ठेवण्याला आमच्याकडे खरं कारण होतं. इंटरनेटवाले अधूनमधून राउटर बदलून देतात, आणि दर वेळी एनव्हीआर, प्रिंटर, कॅमेरे यांचे पत्ते नव्याने लावत बसायचं नव्हतं. मागचं जाळं स्वतंत्र असलं की पुढचा डबा बदलला तरी मागचे पत्ते जागचे हलत नाहीत.

अडतं नेमकं कुठे

आपली आकडेवारी अशी धरू. दुकानातला पहिला राउटर 192.168.1.1. बिलिंगचा संगणक 192.168.1.20. गोदामातल्या राउटरला दोन तोंडं आहेत: वॅनचं तोंड दुकानाकडे, त्याचा पत्ता 192.168.1.2, आणि लॅनचं तोंड गोदामाकडे, त्याचा पत्ता 192.168.2.1. एनव्हीआर 192.168.2.50, प्रिंटर 192.168.2.60.

बिलिंगच्या संगणकाला 192.168.2.50 गाठायचाय. हा पत्ता आपल्या सबनेटमधला नाही हे त्याला कळतं, म्हणून तो पॅकेट आपल्या गेटवेकडे, म्हणजे 192.168.1.1 कडे देतो. पहिला राउटर आपला रूटिंग टेबल बघतो. त्यात 192.168.1.0 चं जाळं आहे, आणि बाकी सगळ्यासाठी इंटरनेटवाल्यांकडे जाणारा डिफॉल्ट रूट आहे. 192.168.2.0 चा उल्लेखच नाही. मग तो ते पॅकेट इंटरनेटवाल्यांकडे ढकलून देतो आणि ते तिथे कुठेतरी मरतं. गोदाम चाळीस मीटरवर आहे हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

उलट बाजूने चालतं, कारण गोदामातला राउटर नॅट करतो. गोदामातून आलेलं प्रत्येक पॅकेट तो स्वतःच्या 192.168.1.2 या पत्त्याने पुढे पाठवतो. दुकानातल्या संगणकाला वाटतं, शेजारचाच कोणी बोलतोय. तो त्यालाच उत्तर देतो आणि राउटर ते आत पोचवतो.

म्हणजे कामं दोन आहेत. पहिल्या राउटरला गोदामाची वाट सांगायची, ही झाली स्टॅटिक रूट. आणि गोदामातल्या राउटरच्या फायरवॉलला सांगायचं की वॅनकडून येणाऱ्या या पॅकेटांना आत येऊ दे. यातलं एकच केलं तर काहीच चालत नाही. नवखे लोक बहुतेक वेळा रूट टाकतात, फायरवॉल विसरतात आणि मग रूटलाच दोष देत राहतात.

पत्ते आधी नीट करा

लॅपटॉप केबलने गोदामातल्या राउटरच्या लॅन पोर्टला जोडून बसा. वायफायवरून हे करू नका, मध्येच तुटतं.

दोन्ही राउटरचा लॅन पत्ता कारखान्यातून एकच आलेला असू शकतो, कारण 192.168.1.1 आणि 192.168.0.1 हे दोनच पत्ते फार चालतात. दोन्हीकडे एकच सबनेट असेल तर रूटिंग होऊच शकत नाही, कारण दुसऱ्या राउटरला आपली दोन्ही तोंडं एकाच जाळ्यात दिसतात. म्हणून पहिलं काम हेच: गोदामातल्या राउटरचा लॅन पत्ता 192.168.2.1 करा, मास्क 255.255.255.0. बदल केल्यावर पान बंद पडेल. लॅपटॉपवर `ipconfig /renew` चालवा आणि नव्या पत्त्यावर पुन्हा आत शिरा.

मग त्याचं वॅन तोंड. तिथे डीएचसीपी असेल तर काढून पत्ता पक्का करा: 192.168.1.2, मास्क 255.255.255.0, गेटवे 192.168.1.1, डीएनएस 192.168.1.1. हा पत्ता हलता कामा नये, कारण पहिल्या राउटरवरची रूट याच पत्त्याकडे बोट दाखवणार आहे. तो बदलला की रूट हवेत लटकते.

इथे एक खाचखळगा आहे. काही राउटरचा डीएचसीपी पट्टा 192.168.1.2 पासूनच सुरू होतो. मग आज ना उद्या एखाद्या गिऱ्हाइकाच्या मोबाइलला हाच पत्ता दिला जातो आणि अख्खं गोदाम अधूनमधून गायब व्हायला लागतं. पहिल्या राउटरवर पट्टा 192.168.1.100 पासून पुढे करून टाका.

शेवटी एनव्हीआर आणि प्रिंटर यांचे पत्ते पक्के करा, आणि हे करताना त्यांच्या गेटवेच्या रकान्यात 192.168.2.1 भरलंय ना ते डोळ्यांनी बघा. कॅमेरे लावणारे लोक तो रकाना बऱ्याचदा रिकामा सोडतात, कारण एका जाळ्यात त्याची गरज पडत नाही. गेटवे नसेल तर दुकानातून आलेलं पॅकेट एनव्हीआरपर्यंत पोचतं, पण उत्तर कुठे द्यायचं हे त्याला कळत नाही आणि तो गप्प बसतो. गोदामातल्या संगणकावरून उघडतो, दुकानातून नाही, अशी खूण दिसली की सगळ्यात आधी हा रकाना तपासा.

पहिल्या राउटरवर रूट

पहिल्या राउटरच्या पानात `Static Routing`, `Static Routes` किंवा `Advanced Routing` अशा नावाची जागा शोधा. तिथे चार गोष्टी विचारतात. `Destination` म्हणजे कुठे जायचंय: 192.168.2.0. इथे 192.168.2.1 भरू नका. हा जाळ्याचा पत्ता आहे, एका उपकरणाचा नाही, म्हणून शेवटी शून्य. `Subnet Mask` 255.255.255.0. `Gateway` 192.168.1.2, म्हणजे गोदामातल्या राउटरचं दुकानाकडचं तोंड. 192.168.2.1 इथे चालत नाही, कारण तो पत्ता पहिल्या राउटरच्या हाताशी नाही, त्याच्याकडे जायची वाट तर आपण आत्ता शिकवतोय. आणि `Interface` विचारलं तर `LAN`, कारण दुसरा राउटर पहिल्याच्या लॅनवर बसलाय. बरेच जण दुसऱ्या राउटरचा वॅन पोर्ट डोक्यात ठेवून इथे `WAN` निवडतात. मग रूट टाकलेली दिसते, पण पॅकेट पुन्हा इंटरनेटकडेच जातं.

दुसऱ्या राउटरवर रूट टाकायची गरज नाही. 192.168.1.0 चं जाळं त्याच्या वॅनला थेट जोडलेलं आहे आणि बाकीच्यासाठी त्याचा डिफॉल्ट रूट 192.168.1.1 कडे आहेच.

दुसऱ्या राउटरची फायरवॉल

वॅनकडून न मागता येणारं सगळं अडवायचं, हा घरगुती राउटरचा धर्म. आपल्याला त्यात एक दार उघडायचंय. काही राउटरमध्ये हे दार वेगळं देतच नाहीत. तिथे गेटवे आणि राउटर अशा दोन मोडमधून राउटर मोड निवडला किंवा नॅट बंद केलं तरच मार्ग मोकळा होतो. आमच्या गोदामातल्या राउटरवर OpenWrt ही लिनक्सवर चालणारी प्रणाली होती, तिथे कमांड लाइनवर हे नेमकेपणाने करता येतं:

```
uci add firewall rule
uci set firewall.@rule[-1].name='Dukan-Godam'
uci set firewall.@rule[-1].src='wan'
uci set firewall.@rule[-1].src_ip='192.168.1.0/24'
uci set firewall.@rule[-1].dest='lan'
uci set firewall.@rule[-1].proto='all'
uci set firewall.@rule[-1].target='ACCEPT'
uci commit firewall
service firewall restart
```

यात `src_ip` ची ओळ गाळू नका. वॅनकडून सगळ्यांनाच आत सोडणारा नियम लिहिला तर आज काही बिघडत नाही, कारण आजचं वॅन म्हणजे आपलंच दुकान आहे. पण उद्या पहिला राउटर बिघडला आणि कोणी घाईत गोदामातला राउटर थेट इंटरनेटच्या केबलला लावला, तर कॅमेऱ्यांपुढची भिंतच गेलेली असेल.

आता तपासा. दुकानातल्या संगणकावर:

```
tracert -d 192.168.2.50
```

आधी 192.168.1.1, मग 192.168.1.2, मग 192.168.2.50 अशा तीन ओळी आल्या की वाट जुळली. पहिल्या ओळीनंतर 100.64 किंवा 10 ने सुरू होणारा अनोळखी पत्ता दिसला, तर पॅकेट इंटरनेटवाल्यांकडे चाललंय, म्हणजे रूट लागलीच नाही. 192.168.1.2 पर्यंत येऊन पुढे नुसत्या चांदण्या दिसल्या, तर फायरवॉल किंवा एनव्हीआरचा गेटवे.

तपासणीसाठी गोदामातला विंडोजचा संगणक वापरू नका. विंडोजची स्वतःची फायरवॉल पिंग आणि फाइल शेअरिंग साधारणपणे आपल्याच सबनेटमधून स्वीकारते. त्यामुळे सगळं बरोबर असूनही उत्तर येत नाही. प्रिंटर किंवा एनव्हीआर तपासणीला बरे.

गोदामातल्या राउटरचं पान मात्र दुकानातून उघडणार नाही, पण त्याला पिंग लागेल. हे बरोबर आहे. आपण दार उघडलंय ते राउटरच्या आरपार जाण्यासाठी, राउटरमध्ये शिरण्यासाठी नाही.

पिंग लागतं, पान उघडत नाही

आमचा खरा वेळ इथे गेला. एवढं सगळं केलं, भाच्याला दुकानात बसवलं. फोनवर तो म्हणाला, "मामा, पिंग मस्त लागतंय, पण एनव्हीआरचं पान नुसतं फिरत राहतं." प्रिंटरचंही तेच. पिंग लागतंय म्हणजे वाट आहे. मग पान का नाही?

पॅकेट जाताना कसं जातं ते बघा. बिलिंगचा संगणक ते 192.168.1.1 ला देतो, तो 192.168.1.2 ला, तिथून एनव्हीआर. पण उत्तर येताना? गोदामातल्या राउटरला 192.168.1.20 हा आपल्या वॅनच्याच जाळ्यात थेट दिसतो. त्याने उत्तर पहिल्या राउटरकडे कशाला द्यावं? तो सरळ संगणकाला देतो. जायची वाट तीन टप्प्यांची, यायची दोन टप्प्यांची.

पिंगला याने फरक पडत नाही. पण पान उघडताना टीसीपी आधी तीन पावलांची ओळख करून घेतं: संगणक हाक मारतो, एनव्हीआर उत्तर देतो, संगणक पोचपावती देतो. पहिल्या राउटरच्या फायरवॉलला हाक दिसली, उत्तर दिसलंच नाही, आणि एकदम पोचपावती आली. तिच्या हिशोबात हे पॅकेट संशयास्पद. काही राउटर अशा वेळी काणाडोळा करतात, काही ते पॅकेट फेकून देतात. दुकानातला राउटर फेकून देणाऱ्यांतला होता, आणि त्याच्या पानात हे बंद करायची सोयच नव्हती.

उपाय सोपा निघाला. मधला फेरा टाळायचा आणि बिलिंगच्या संगणकालाच गोदामाची वाट थेट शिकवायची. कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून:

```
route -p add 192.168.2.0 mask 255.255.255.0 192.168.1.2
```

`-p` मुळे संगणक बंद करून चालू केला तरी रूट राहते. लिनक्सवर `ip route add 192.168.2.0/24 via 192.168.1.2`, पण ती रीस्टार्टला जाते, म्हणून नेटवर्कच्या सेटिंगमध्येही लिहावी लागते. आता जाणं आणि येणं एकाच वाटेने. `tracert` मध्ये पहिली ओळच 192.168.1.2 आली आणि एनव्हीआरचं पान क्षणात उघडलं.

मोबाइलमध्ये अशी रूट टाकता येत नाही. दाजींना दुकानात बसून फोनवर कॅमेरे बघायचे होते. त्यांच्यासाठी गोदामातल्या राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग केलं: 192.168.1.2 च्या 8080 पोर्टवर आलेलं 192.168.2.50 च्या 80 पोर्टला द्या. फोन 192.168.1.2 शी बोलतो, तो त्याच्याच जाळ्यात आहे, पहिला राउटर मध्ये येतच नाही. एनव्हीआरच्या अॅपला वेगळा पोर्ट लागतो. तो एनव्हीआरच्या नेटवर्कच्या पानावर लिहिलेला असतो, त्यालाही अशीच एक ओळ. पहिल्या राउटरवर स्टॅटिक रूटचं पानच नसेल, तर या दोन उपायांवरच सगळं भागवता येतं.

नॅट बंद करावं का

दुसऱ्या राउटरचं नॅट बंद केलंच पाहिजे, असं तुम्हाला जागोजागी सांगितलं जाईल. शुद्ध रचना तीच आहे, हे मलाही मान्य. तसं केलं की गोदामातलं प्रत्येक उपकरण दुकानाला आपल्या खऱ्या पत्त्याने दिसतं, सगळी एका 192.168.1.2 च्या मुखवट्यामागे राहत नाहीत. पण दुकानातून गोदामात जाण्यासाठी ते बंद असावंच लागतं असं नाही. लिनक्सवर चालणाऱ्या राउटरमध्ये नॅटचा निर्णय संभाषणाच्या पहिल्या पॅकेटला होतो. संभाषण दुकानातून सुरू झालं असेल तर उत्तराचा पत्ता बदलला जात नाही.

म्हणून माझी पद्धत अशी: नॅट चालू ठेवून आधी रूट आणि फायरवॉल जुळवायची, सगळं चालतंय हे बघायचं, आणि मग एकटं नॅट बंद करून बघायचं. OpenWrt वर वॅन झोनचं `Masquerading` काढलं की झालं. त्यानंतर गोदामातल्या संगणकावर इंटरनेट चालतंय का ते लगेच बघा. आम्ही नॅट बंद केलं आणि गोदामाचं इंटरनेट तिथल्या तिथे गेलं. दुकानातला राउटर फक्त स्वतःच्या 192.168.1.0 च्या पत्त्यांनाच बाहेरचा पत्ता देत होता. 192.168.2 वाल्यांना तो ओळखत नव्हता. काही राउटर कुठल्याही आतल्या पत्त्याला नॅट करतात, काही करत नाहीत, आणि तिथे आपला इलाज चालत नाही. मी नॅट पुन्हा चालू केलं. आजही तसंच आहे आणि काही अडत नाही.

एक मर्यादा मात्र कुठल्याच रूटने जात नाही. प्रिंटर आपोआप सापडणं, मोबाइलवरून टीव्हीला चित्र पाठवणं, ही कामं मल्टिकास्टने, म्हणजे जाळ्यातल्या अनेकांना एकदम हाक मारून, सुरू होतात आणि साध्या सेटिंगमध्ये राउटर ते पलीकडे नेत नाही. यादीत प्रिंटर दिसत नाही म्हणून रूट चुकली असं समजू नका. विंडोजमध्ये प्रिंटर हाताने जोडा, `IP address or hostname` हा पर्याय निवडून 192.168.2.60 टाका. लेबलं पहिल्या झटक्यात निघाली.

हे सगळं एका कागदावर लिहून तो गोदामातल्या राउटरच्या बाजूला चिकटवून ठेवा: वॅन 192.168.1.2, लॅन 192.168.2.1, पुढच्या राउटरवरची रूट, बिलिंगच्या संगणकावरची रूट, डीएचसीपी पट्टा 100 पासून, पोर्ट 8080. पुढच्या वेळी इंटरनेटवाले डबा बदलून देतील तेव्हा त्याच्यावरची रूट आणि पट्टा दोन्ही जातील. नवा डबा 192.168.1.1 नसून 192.168.0.1 असला, तर त्याचा लॅन पत्ता 192.168.1.1 करून घेणं हे कागदावरचं पहिलं काम. ते झालं की मागच्या कुठल्याही उपकरणाला हात लावावा लागत नाही.